बाळांच्या कपड्यांच्या दुकानाचा व्हिडिओ : झबले उलटे करून दाखवा

प्रश्न : नेरूळला माझे बाळांच्या कपड्यांचे आणि खेळण्यांचे लहान दुकान आहे. नवीन आईवडिलांसाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. कापड सुरक्षित आहे, भेट द्यायला भरपूर पर्याय आहेत आणि वस्तू सहज बदलून मिळते, हे तिन्ही त्यात यायला हवे. काय दाखवावे आणि काय टाळावे?

उत्तर :

ठाण्यात नौपाड्यात माझे असेच दुकान आहे आणि पहिला व्हिडिओ मी चुकवलेला आहे, म्हणून सुरुवात त्या चुकीपासून करतो. त्यात मी कॅमेऱ्याकडे पाहून 'आमचे कापड शंभर टक्के केमिकल-फ्री' असे ठणकावून सांगितले होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात अनेक वर्षे काढलेले एक आजोबा नातवासाठी टोपरे घ्यायला आले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "मग हा गुलाबी रंग काय हळदीकुंकवाने चढवला का?" त्याच संध्याकाळी मी तो व्हिडिओ काढून टाकला. रंगवलेले कोणतेही कापड रसायनांशिवाय तयार होत नाही. प्रश्न इतकाच असतो की कोणती रसायने वापरली आणि शेवटी कापडात किती उरली. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात मागे घ्यायला किंवा बदलायला दुकानदारालाही सांगता येते. तेव्हापासून मी एकच पथ्य पाळतो : जे गल्ल्यावर हातात धरून दाखवता येत नाही, ते व्हिडिओत बोलायचे नाही.

त्यामुळे कापडाच्या भागासाठी निम्मा वेळ, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेकंद, राखून ठेवा आणि त्यात झबले उलटे करा. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू, पण दुकानदार नेहमी बाहेरची बाजू दाखवतो. बगलेतल्या आणि मानेच्या शिलाईवरून बोट फिरवताना जवळून चित्रण करा; शिलाई जाड, टोचरी असेल तर ती पडद्यावरही कळते. मानेमागे शिवलेली नायलॉनची चिठ्ठी आहे की माहिती थेट कापडावर छापलेली आहे, हे दाखवा. टिच बटण दोन्ही बोटांत धरून ओढा आणि बटणाभोवतीचे कापड दाखवा : तिथे बारीक भोके पडू लागली असतील, तर पाचसहा धुण्यांत ते बटण निघून बाळाच्या तोंडात जाऊ शकते. बंदाचे झबले दाखवणार असाल तर बंद आखूड असलेलेच निवडा, आणि मानेभोवती लांब नाडी असलेले काहीही चित्रणात घेऊ नका.

यानंतर हातमोजे आणि पायमोजे उलटे करा. ही गोष्ट फार थोडे दुकानदार दाखवतात आणि माझ्या मते व्हिडिओतली सर्वांत मोलाची तीच आहे. आत सुटलेला लांब दोरा राहिला असेल तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजते, दोरा आणखी रुततो आणि रक्तपुरवठा थांबण्यापर्यंत वेळ येते. बाळ रडत राहते आणि मोजा घातलेला असल्यामुळे कारण कोणाला दिसत नाही. मी व्हिडिओत एक मोजा उलटा केला, आत दीड इंचाचा दोरा होता तो कात्रीने कापला आणि खाली एवढेच लिहिले : 'घालण्यापूर्वी प्रत्येक मोजा असा तपासा.' दुकानात येणाऱ्या आया आजही याच दृश्याचा उल्लेख करतात.

रंगासाठी ओल्या पांढऱ्या रुमालाची चाचणी करा. गडद रंगाच्या झबल्यावर रुमाल दहा वेळा जोर देऊन घासा आणि लगेच उलगडून दाखवा. रुमालावर रंग उतरला नाही, तर तो रंग कच्चा नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. कापडात अपायकारक काही नाही, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही, आणि हा फरक शब्दांत लिहा. कापडाची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतच होते. आपल्या मालावर अपायकारक पदार्थांची तपासणी झाल्याचे दाखवणारे, ओईको-टेक्स या संस्थेच्या स्टँडर्ड 100 चे लेबल असेल, तर त्यावरचा क्रमांक पडद्यावर स्पष्ट दिसू द्या, कारण तो त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तू तिथे पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, वर्गात येतात. असे लेबल दुकानातल्या चारच वस्तूंवर असेल तर चारच वस्तू दाखवा. सगळ्या रॅकवरून कॅमेरा फिरवून वर ते चिन्ह लावणे ही फसवणूक ठरेल. लेबल नसलेल्या साध्या होजियरीच्या किंवा मलमलीच्या कपड्यांबद्दल 'सुती, एकदा साध्या साबणाने धुऊन मगच घाला' हे पुरेसे आणि खरे वाक्य आहे. पहिल्या धुण्यात खळ आणि वरवर राहिलेला रंग निघून जातो.

खेळण्यांना पंधरा सेकंद द्या. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खुळखुळ्यावर चिन्ह नसेल तर तो कोणाकडून आणला हे सांगण्याची तयारी ठेवा. खोक्यावरच्या चिन्हाच्या वर IS 9873 असा मानक क्रमांक असतो, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी IS 15644 असतो, आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून निर्मात्याचे नाव येते, तेवढे मोबाइलच्या पडद्यावर दाखवा. त्यानंतर 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी हाती घ्या. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील लहान भाग तपासण्यासाठी प्रयोगशाळेत याच व्यासाचे नळकांडे वापरतात. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. आधी बाहुलीचा डोळा ओढून पाहा आणि मगच नळी दाखवा, कारण धोका सुटून येणाऱ्या भागाचा असतो.

भेटवस्तूंच्या भागात एक खड्डा आहे आणि त्यात बरेच दुकानदार पडतात. आपण भेटीची टोपली सजवतो, त्यात झबले, टोपरे, दुपटे, खुळखुळा आणि शोभेसाठी दुधाची बाटली ठेवतो. 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाची भुकटी, बाळाचे तयार अन्न आणि दुधाची बाटली यांच्या जाहिरातीला बंदी आहे. बाटली दुकानात विकता येते, पण आपल्या व्हिडिओत ती टोपलीच्या मधोमध चमकत असेल तर ती जाहिरातच झाली. मला हे आमच्या गल्लीतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितले, नाहीतर दुसऱ्या व्हिडिओतही ती बाटली राहिली असती.

टोपली दाखवताना मापाबद्दल एक वाक्य जरूर घाला. बारशाला येणारा प्रत्येक जण समोरचे इवलेसे बाळ डोळ्यांपुढे आणून शून्य ते तीन महिन्यांचे कपडे घेतो. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होते, त्यामुळे तशा दहा जोडांपैकी सहासात घडीसुद्धा मोडत नाहीत. 'बारशासाठी तीन ते सहा किंवा सहा ते बारा महिन्यांचे माप घ्या आणि त्या वेळी कोणता ऋतू असेल ते मोजा' एवढे सांगितले की ग्राहक तिथेच बोटांवर महिने मोजू लागतो. जुलैत जन्मलेल्या बाळाला सहा महिन्यांच्या मापाचे काळे झबले दिले, तर ते नेमके संक्रांतीच्या बोरन्हाणाला अंगावर येते.

आता अदलाबदल, आणि इथे मी आणखी एक चूक सांगतो. माझ्या पावतीवर 'सात दिवसांत, पावतीसह' असे छापलेले होते. वाशीच्या एका आत्याबाईंनी भाचीच्या बारशाला 650 रुपयांचा फ्रॉक घेतला. बाळाची आई बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी होती आणि सव्वा महिना झाल्यावर ठाण्यात परतली, तोवर फ्रॉक काखेत घट्ट झाला होता. ती दुकानात आली, फ्रॉकला लेबल तसेच होते, पण पावती आत्याबाईंकडे होती आणि सात दिवस कधीच उलटून गेले होते. मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही, पण त्या घरातले कोणी पुन्हा दुकानात आले नाही.

अडचण दिवसांची आणि पावतीची अशी दुहेरी आहे : पैसे देणारा एक, वस्तू वापरणारा दुसरा, आणि दुसऱ्याला किंमत कळू नये अशी पहिल्याची इच्छा. म्हणून मी आता मुदत साठ दिवसांची केली आहे आणि प्रत्येक भेटीच्या पिशवीत किंमत नसलेली एक चिठ्ठी घालतो. तिच्यावर फक्त बिल क्रमांक, वस्तूचे नाव, माप आणि शेवटची तारीख असते. आई ती चिठ्ठी घेऊन आली की त्याच वस्तूचे मोठे माप काहीही न विचारता मिळते. दुसरी वस्तू हवी असेल तर क्रमांकावरून मूळ बिल काढतो आणि आत्याबाईंनी जे 650 दिले तेच जमा धरतो, मधल्या काळात त्या फ्रॉकची किंमत सेलमध्ये 520 झाली असली तरीही. हा शेवटचा मुद्दा व्हिडिओत बोलून टाका, कारण भांडणे तिथेच होतात.

धुतलेल्या कपड्यांचा पेच मात्र आधी सोडवून ठेवा. आपण एका वाक्यात 'धुऊनच घाला' म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात 'न धुतलेलेच बदलून मिळेल' म्हणतो. ऐकणाऱ्याला दोन्ही कसे जमावे? मी व्हिडिओत नवे झबले बाळाच्या नेहमीच्या झबल्यावर अंथरून, खांदा खांद्याला जुळवून माप पाहायला शिकवतो आणि मग सांगतो की माप बदलायचे असेल तर धुण्याआधी या, पण रंग उतरला, शिवण उसवली किंवा बटण निघाले तर धुतलेले असले तरी या. दोष धुतल्यावरच दिसतो. आणि सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे; बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. टोपरी, लंगोट आणि दात येताना चावायची खेळणी मी केवळ आवडली नाहीत म्हणून परत घेत नाही, आणि तेही त्याच दृश्यात लिहिलेले आहे.

चित्रणाबद्दल थोडेसे. सकाळी शटरजवळच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली पिवळा फिका दिसतो आणि मग 'व्हिडिओत रंग वेगळा होता' म्हणून अदलाबदल वाढते. प्रत्येक वाक्य मराठीत पडद्यावर लिहा, कारण पाहणाऱ्याच्या मांडीवर बाळ झोपलेले असते आणि आवाज बंद असतो. झोपलेले बाळ दाखवायचेच असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, ते पाठीवर झोपलेले असू द्या आणि त्याच्या भोवती मऊ खेळणी किंवा उशा रचू नका, कितीही गोड दिसत असल्या तरी. शेवटच्या चार सेकंदांत दुकानाची पाटी मी दाखवत नाही. भेटीच्या चिठ्ठीवर हाताने तारीख लिहिताना दाखवतो, आणि पत्ता त्याच चिठ्ठीच्या तळाशी असतो.