फोटोवरून मोजलेल्या मार्कांवर पुस्तकं मिटू नका

प्रश्न: 100 प्रश्न, बरोबरला 2 गुण, चुकीला 0.5 वजा. ओएमआरच्या कार्बन कॉपीचा फोटो काढून उत्तरतालिकेशी ताडला, 104.5 येतायत. चार गोळे फोटोत नीट दिसत नाहीत. कटऑफ 110 लागेल म्हणतात. आशा ठेवू की पुढचा अभ्यास थांबवू?

अभ्यास थांबवू नका. हे इतकं ठासून सांगतोय, कारण आमच्या घरात याच कारणावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

धाकट्या बहिणीचा पेपर झाला, तालिका आली आणि दादाने तिच्या कॉपीचा फोटो मोबाइलवर मोठा करून मार्क मोजले. एका हाताने फोटो सरकवायचा, दुसऱ्या हाताशी तालिका, तोंडाने ‘बरोबर, चूक, चूक, बरोबर’, आणि कागदावर नुसत्या रेघा. निकाल काढला: 59 बरोबर, 34 चूक, 7 कोरे. म्हणजे 118 वजा 17, 101 गुण. तेव्हाही 110 चीच चर्चा होती. दादा म्हणाला, ‘नऊ मार्कांचा फरक आहे, आता पुढच्या वर्षी बघू.’ तिने पुढच्या टप्प्याची पुस्तकं त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली.

मला खटकलं ते त्या 7 कोऱ्यांमुळे. ती म्हणत होती, ‘मी सहाच सोडलेत, निघताना मोजले होते.’ दादा म्हणे, असेल एखादा विसरलेला. पण कोरा गोळा विसरण्यासारखी गोष्ट नसते. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं माणूस तेवढंच मोजत असतो.

मी मूळ कॉपी मागितली. कागदाला घडी पडलेली होती आणि ती तिसऱ्या रकान्यात बरोबर 63 च्या ओळीवरून गेली होती. फोटो तिरका, त्यात हाताची सावली, त्यामुळे ती ओळ घडीत गडप झाली होती. दादाने 64 चा गोळा 63 चा समजून वाचला, 65 चा 64 चा, असं खालपर्यंत. 75 ला पोहोचला तेव्हा वाचायला गोळाच उरला नाही, म्हणून 75 कोरा धरला. तोच सातवा. त्या तेरा प्रश्नांत त्याला 3 बरोबर, 9 चूक आणि 1 कोरा दिसला होता. प्रत्यक्षात 8 बरोबर आणि 5 चूक होते. एकूण झाले 64 बरोबर, 30 चूक, 6 कोरे. 128 वजा 15, 113. एका घडीमागे 12 गुण गेले होते.

ओळ घसरलीय हे तालिकेवरूनही ओळखता येतं. चार पर्याय असले की सरकलेली उत्तरं साधारण चारात एकदा योगायोगाने जुळतात. एरवी साठ टक्के बरोबर येणाऱ्या माणसाच्या एकाच रकान्यात सलग डझनभर प्रश्नांत दोन-तीनच जुळले, तर आधी ओळ तपासायची, मग त्याच्या अभ्यासाबद्दल बोलायचं. दादाला हे आजही पटत नाही.

माझं ठाम मत आहे की फोटो वाचणं आणि तालिका लावणं ही दोन कामं एका बैठकीत करूच नयेत. तालिका समोर असली की पुसट गोळा ‘बरोबर’कडे झुकलेला दिसतो, आणि मन खचलेलं असेल तर ‘चूक’कडे. आधी तालिका झाकून शंभर उत्तरं एक्सेल शीटमध्ये उतरवा: A मध्ये प्रश्न क्रमांक, B मध्ये तुमचं उत्तर, कोरं असेल तर रिकामं. दर 25 ला रकाना नीट संपतोय ना, ते बघा. मग C मध्ये तालिका भरा आणि D मध्ये हे टाका:

```
=IF(B2="",0,IF(B2=C2,2,-0.5))
```

बरोबर, चूक आणि कोरे यांची बेरीज 100 आलीच पाहिजे. पण तेवढ्यावर विसंबू नका, दादाचीही 100 च आली होती. कोऱ्यांचा आकडा आठवणीशी जुळतो का, ते खरं बघायचं. दोन गोळे रंगवलेला प्रश्न चूक धरा, कोरा नाही.

आता तुमचे चार गोळे. चूक धरलेला गोळा बरोबर निघाला तर 2 नाही, 2.5 गुण वाढतात, कारण कापलेला अर्धाही परत येतो. कोरा धरला असेल तर 2 वाढतात. तुम्हाला 5.5 हवेत. चूक धरले असतील तर दोन सुटून 5 होतात, तिसरा लागतोच. कोरे धरले असतील तरी तीन सुटून 6. म्हणजे कसंही मोजलं तरी चारातले तीन. चारही बरोबर निघाले तर तुमची वरची मर्यादा 114.5 किंवा 112.5. कोरे धरलेले चारही चुकीचे निघाले तर 102.5 पर्यंत खालीही जाल. तुमचे मार्क म्हणजे 104.5 हा एक आकडा नाही, हा सगळा पट्टा आहे. आणि ते गोळे काही नशिबावर नाहीत. मूळ कॉपी खिडकीच्या उजेडात तिरपी धरा, पेनाचा दाब कुठे उमटलाय ते दिसतं. ते प्रश्न पुन्हा वाचा, काय रंगवलं होतं ते बहुतेकदा आठवतं.

110 च्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. असे आकडे लोकांनी स्वतःहून कळवलेल्या मार्कांवरून निघतात, आणि ज्याला 85 पडतात तो कळवायला जात नाही. शिवाय सगळे पहिल्या तालिकेवरच मोजतात. अंतिम तालिकेत बहिणीचे दोन प्रश्न रद्द झाले. एक तिचा बरोबर होता, तिथे 2 गेले. दुसरा चुकला होता, तिथे कापलेला अर्धा परत आला. 111.5 झाले. पण प्रश्न रद्द झाला की गुण बहुतेकांचे हलतात आणि कटऑफही सोबत सरकतो. आक्षेप मान्य झाल्याने तुमचा एक प्रश्न सुटला आणि तोच बहुतेकांचाही सुटला, तर फायदा जवळपास शून्य. तालिकेने चूक ठरवलेलं तुमचं उत्तर खरं बरोबर आणि इतर बहुतेकांचं चूक, असे प्रश्न किती आहेत हे शोधा. आक्षेपही त्यांच्यावरच घ्या.

कटऑफ 109 ला लागला, ती आत गेली. अभ्यासाचे मधले आठवडे मात्र वाया गेले होते, म्हणून पुढचा टप्पा तिला फार जड गेला. दादा अजून म्हणतो, ‘नशीब होतं तिचं.’ नशीब नव्हतं. मार्क पहिल्या दिवसापासून तेवढेच होते, मोजणाऱ्याने ओळ गाळली होती.

एक सांगायचं राहिलं. रद्द प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्यायचे की प्रश्नच वगळायचा, हे परीक्षेपरीक्षेला वेगळं असतं, तुमची सूचना वाचा. सगळ्यांना देत असतील तर चुकलेल्याला 2.5 मिळतात. पेपर अनेक सत्रांत झाला असेल आणि गुण समान पातळीवर आणत असतील, तर वरचा हिशोब फक्त कच्च्या गुणांचा आहे, त्याची कटऑफशी थेट तुलना करू नका. आणि मूळ कॉपी नीट वाचूनही तुमची वरची मर्यादा 106-107 च्या पुढे जात नसेल, तर मात्र या पेपरची आशा धरू नका.