जुन्या अभ्यासक्रमासाठी कुलसचिवांना ईमेल: क्रेडिट नको, तासिका मागा

प्रश्न: मी २००६ ते २००९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून बी.एस्सी. केलं, मुंबई विद्यापीठाचं. आता आयर्लंडमधलं एक विद्यापीठ तेव्हाचा सिलॅबस आणि प्रत्येक विषयाचे क्रेडिट मागतंय. कुलसचिवांना ईमेल कसा लिहू?

उत्तर:

कोकणातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझी बरीच वर्षं गेली, शेवटची काही मुख्य लिपिक म्हणून. असे अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिलेत, म्हणून लिहितो.

तुमच्या पदवीला क्रेडिट नव्हतेच. मुंबई विद्यापीठात क्रेडिट आणि श्रेणीची सत्र पद्धत २०११-१२ पासून आली. त्याआधी वार्षिक परीक्षा, पेपर, गुण आणि वर्ग एवढंच होतं. त्यामुळे "माझ्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट कळवावेत" असं लिहिलंत तर उत्तर येईल, "सदर कालावधीत क्रेडिट पद्धत लागू नव्हती." उत्तर खरं असतं, तुमच्या कामाचं नसतं आणि त्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपतं. (तुम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकला असतात तर हा त्रास झाला नसता. तिथल्या गुणपत्रिकेवर विषयापुढे ३ (२+१) असं छापलेलं असतं: दोन क्रेडिट थिअरीचे, एक प्रात्यक्षिकाचं.)

माझ्या भाचीने हीच चूक केली होती. गुहागरची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन तुमच्याच सुमारास पदवीधर झालेली. पहिल्या मेलला वरचंच उत्तर आलं. मग आम्ही दोघांनी बसून परत लिहिलं आणि क्रेडिट हा शब्द मागणीतून काढूनच टाकला. त्याऐवजी तासिका मागितल्या. तेव्हाच्या अभ्यासक्रमातही प्रत्येक युनिटापुढे तासिकांची संख्या असायची. तिच्या एका पेपरात १५ तासिकांची चार युनिटं, म्हणजे ६० तासिका. आता तासिका म्हणजे पूर्ण तास नव्हे. आमच्याकडे ती ४८ मिनिटांची असायची, म्हणजे ६० तासिकांचे घड्याळी तास झाले ४८. हा फरक बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून तासिकेची लांबीही पत्रात लिहून मागा. प्रात्यक्षिकांचे आठवड्याचे तास वेगळे मागा.

या तासांचं क्रेडिटमध्ये रूपांतर आयर्लंडचं विद्यापीठ करेल. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. त्यात घरचा अभ्यासही येतो. आपल्या कुलसचिवांनी तो आकडा स्वतःच्या सहीने द्यावा ही अपेक्षा धरू नका. जो आकडा विद्या परिषदेने कधी मंजूरच केला नाही, त्यावर कोण सही करेल?

दुसरी गोष्ट वर्षाची. "२००९ चा सिलॅबस" असं मागू नका. अभ्यासक्रम एकदम बदलत नाही. एका वर्षी प्रथम वर्षाचा, पुढच्या वर्षी द्वितीयचा, असा वर चढत जातो. तुम्हाला प्रथम वर्षाचा २००६-०७ मध्ये लागू असलेला हवा, द्वितीयचा २००७-०८ चा आणि तृतीयचा २००८-०९ चा. मध्ये वर्ष गेलं असेल तर ज्या वर्षी वर्गात बसलात ते वर्ष लिहा.

तिसरी गोष्ट टेबलांची. कुलसचिव स्वतः तुमचा मेल हाताळत नाहीत. त्याला आवक क्रमांक पडतो आणि तो विभागाकडे जातो. अभ्यासक्रम शैक्षणिक विभागाकडे असतो, गुणपत्रिका आणि ट्रान्स्क्रिप्ट परीक्षा विभागाकडे. एकाच मेलमध्ये दोन्ही मागितलंत तर तो एका टेबलावर जातो, आणि तिथला माणूस दुसऱ्या टेबलाचं काम कशाला करील! म्हणून ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज वेगळा करा.

आमचा दुसरा मेल साधारण असा होता, तपशील तुमचे घालून देतो:

विषय: बी.एस्सी. (२००६-०९) अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत व तासिकांचा तपशील मिळणेबाबत

मा. कुलसचिव यांस,

मी (गुणपत्रिकेवरील पूर्ण नाव), (कॉलेजचे नाव, गाव) येथून (विषय) घेऊन एप्रिल २००९ मध्ये बी.एस्सी. उत्तीर्ण झाले/झालो. तृतीय वर्षाचा आसन क्रमांक (…).

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी मला पुढील गोष्टींची आवश्यकता आहे. एक, प्रथम वर्ष (२००६-०७), द्वितीय वर्ष (२००७-०८) व तृतीय वर्ष (२००८-०९) यांना त्या त्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची, प्रत्येक पानावर शिक्का असलेली प्रमाणित प्रत. दोन, प्रत्येक पेपरच्या तासिका, तासिकेचा कालावधी, प्रात्यक्षिकांचे तास व कमाल गुण दर्शविणारे पत्र. त्या काळात क्रेडिट पद्धत लागू नव्हती, तसा उल्लेख या पत्रात करावा, ही विनंती.

शुल्क व ते भरण्याची पद्धत कळवावी. संबंधित विद्यापीठाचे मागणीपत्र, तीनही वर्षांच्या गुणपत्रिका व ओळखपत्र एकाच पीडीएफमध्ये जोडले आहे. कागदपत्रे दिनांक (…) पर्यंत आवश्यक आहेत.

आपला/आपली,
(नाव, मोबाइल)

यातलं क्रेडिट नसल्याचं वाक्य गाळू नका. आयर्लंडच्या अर्जातला क्रेडिटचा रकाना रिकामा का, याचं अधिकृत उत्तर तेच आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा, नाहीतर फक्त तेवढ्यासाठी मेल परत येतो. कागद त्यांना थेट विद्यापीठाकडूनच हवे आहेत का, तेही आधी विचारून घ्या. तसं असेल तर त्यांचा ईमेल पत्ता याच मेलमध्ये द्या.

मेल पाठवला त्याच दिवशी कॉलेजलाही फोन करा. जुन्या अभ्यासक्रमाच्या छापील पुस्तिका बऱ्याचदा विभागप्रमुखांच्या कपाटात सापडतात. पण आपल्याकडची दमट हवा आणि वाळवी! शिवाय २०२१ च्या जुलैच्या पुरात चिपळुणात काय काय भिजलं ते सांगायला नको. पुस्तिका मिळालीच तर तिचा फोटो विद्यापीठाला पाठवा. पहिल्या पानावर विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख किंवा परिपत्रकाचा क्रमांक असेल तर तो मेलमध्ये लिहा, शोधणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. कॉलेज नंतर स्वायत्त झालं असलं तरी तुमच्या वेळचा अभ्यासक्रम विद्यापीठाचाच; प्राचार्यांचा शिक्का चालेल का ते मात्र आयर्लंडला विचारून ठेवा. काही ठिकाणी चालतो.

तीन आठवड्यांत हालचाल नसेल तर आवक क्रमांक विचारणारा दोन ओळींचा मेल करा, जुन्या मेललाच उत्तर म्हणून. गणपतीच्या आठवड्यात मात्र वाट बघण्यावाचून इलाज नाही. मुंबईतल्या कचेऱ्यांतली अर्धी माणसं तेव्हा आपल्याच गावांत आलेली असतात. त्यानंतरही शांतता असेल तर माहिती अधिकारात जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. त्यात फक्त अभ्यासक्रमाची प्रत मागा. असलेला कागद या कायद्याने मिळतो; नवं पत्र तयार करून मागता येत नाही.

कागद हातात आले की पुढे पाठवण्याआधी गुणपत्रिका शेजारी ठेवून पेपरांची नावं जुळवा. भाचीला द्वितीय वर्षाचा पुढच्या बॅचचा अभ्यासक्रम आला होता. एका पेपरचं नाव जुळेना म्हणून कळलं, आणि त्या एका वर्षाची प्रत बदलून मिळाली.