इन्शुरन्सच्या अटी रीलमध्ये: भडंगाची पुडी सांडवून बघा

प्रश्न: इन्शुरन्ससारख्या बोर विषयावर रील बनवतोय, लोक पाच सेकंदात स्क्रोल करतात. विनोद आणि गोष्ट टाकून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण विनोद त्या अटीच्या पोटातूनच निघायला हवा. मी सांगलीत विम्याचं काम करतो आणि दुकानदारांसाठी छोटे व्हिडिओ बनवतो, त्यातल्या एकाचंच सांगतो म्हणजे नीट कळेल.

विषय होता अंडर इन्शुरन्स. दुकानात माल 10 लाखांचा, हप्ता वाचवायला विमा घेतला 5 लाखांचा, आणि नुकसान झालं 2 लाखांचं. 2 लाख हे 5 च्या आतच आहेत ना, मग सगळे मिळणार असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. मिळतो साधारण 1 लाख, त्यातून पॉलिसीत ठरलेली वजावट जाते ती वेगळीच, कारण निम्म्या मालाची जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलेली असते.

पहिल्यांदा मी हे कॅमेऱ्यासमोर उभं राहून समजावलं, मध्ये दोन जोक टाकले, लोक हसले पण खाली कमेंट काय, तर "म्हणजे अडीच लाख मिळणार का?" जोक काढून टाकले असते तरी काही बिघडलं नसतं, तिथंच चूक होती.

मग गोष्ट केली. मामा आणि भाचा निम्मे निम्मे पैसे घालून भडंगाची मोठी पुडी घेतात, भाचा म्हणजे कंपनी. चालता चालता पुडी फाटते, थोडं भडंग रस्त्यावर सांडतं, आणि मामा ठामपणे म्हणतो, "सांडलं ते सगळं तुझ्यातलं!" इथं लोक हसतात, आणि मामाचं म्हणणं चुकीचं का हे हसतानाच त्यांना कळलेलं असतं. लगेच कट मारून दुकान, पाटीवर 10, 5, 2, 1 एवढे चारच आकडे, आणि अंडर इन्शुरन्स हा शब्द पहिल्यांदा तेव्हाच, शेवटाकडं. सुरुवातीलाच घेतला की लोक पळालेच.

एक पथ्य मात्र पाळाच. आमच्याकडं 2019 चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांच्यासमोर भिजलेल्या मालावर विनोद करायचा नाही, हसू यायचं ते मामाच्या हिशोबावर, त्याच्या नुकसानीवर नाही.

आणि गोष्ट सोपी करताना अट खोटी होऊ देऊ नका. छोट्या धंद्यांसाठी 2021 पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर कपात होत नाही, म्हणजे 10 लाखांच्या मालाला साडेआठ लाखांचा असला तरी चालतं. हे गोष्टीत कोंबलं नाही, खाली कॅप्शनमध्ये टाकलं.

टाकायच्या आधी व्हिडिओ मावशीला दाखवला आणि आकडे झाकून विचारलं, मामाला किती मिळणार? ती म्हणाली, "एक लाख. उरलेल्या निम्म्याची कंपनी मामाच की!" तिचं ते वाक्य शेवटी मामीच्या तोंडी घातलं.