‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं, आयनोड लिहिलेले नसतात

प्रश्न: शेअर्ड होस्टिंगच्या प्लॅनवर अनलिमिटेड स्टोरेज आणि अनलिमिटेड बँडविड्थ लिहिलंय. माझी साइट वाढतेय, किती दिवस पुरेल? व्हीपीएसला कधी जावं?

स्टोरेज आणि बँडविड्थ दोन्ही पुरतील हो, तुम्ही अडकणार ते तिसरीकडेच. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या साइटचं नेमकं हेच झालं आणि त्यावरून एका मित्राशी माझं वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

राजमाचीचा काजवे ट्रेक करून रविवारी रात्री परत आलो, फोटो टाकायला बसलो, तर वर्डप्रेस एकही फोटो घेईना. फाइल मॅनेजरमधून टाकून बघितला तर `Disk quota exceeded`. वापर दिसत होता ३८ जीबी, प्लॅन अनलिमिटेड, मग कोटा संपला कसला? तेवढ्यात ग्रुपवर एकाचा मेसेज, की आपल्या मेल आयडीवर पाठवलेले मेल परत येतायत.

cPanel च्या उजव्या बाजूला आकडे असतात ना, तिथे खाली File Usage म्हणून एक ओळ असते जी कोणी बघत नाही. तिथे २,५०,००० पैकी २,५०,०००, लालभडक. हेच आयनोड. प्रत्येक फाइल एक, प्रत्येक फोल्डर एक, आणि मेल त्याच अकाउंटवर असेल तर प्रत्येक मेलपण एक. फाइल एक केबीची असो नाहीतर एक जीबीची, मोजणीत एकच. एसएसएचने आत जाऊन हे चालवलं:

```
du --inodes -d 3 ~ | sort -n | tail -20
```

uploads मध्येच २,१६,००० निघाले. आमचे फोटो जेमतेम ९,०००! पण वर्डप्रेस एका मोठ्या फोटोचे स्वतःच सहा आकार बनवतं, १५० पासून २०४८ पिक्सेलपर्यंत, शिवाय २५६० ची एक `-scaled` कॉपी आणि मूळ फोटो ठेवतं तो वेगळा. आमच्या थीमचे अजून चार. म्हणजे एका फोटोमागे १२ फाइली, त्यावर वेबपीचं प्लगइन प्रत्येकीची जुळी बनवत होतं, झाल्या २४. उरलेल्यातले वीसेक हजार वर्डप्रेस, थीम आणि प्लगइनांचे, आणि चौदाएक हजार मेलचे, कारण कॅच-ऑल चालू होतं, डोमेनवर कोणत्याही नावाने आलेला स्पॅम तिथे साठत होता.

वेबपी बंद केलं, त्याच्या फाइली उडवल्या, आकार तीनच ठेवले (नुसते सेटिंग बदलून जुने थंबनेल जात नाहीत, ते वेगळे पुसावे लागतात), ९,००० फोटोंचे ४५,००० वर आले. मेल दुसरीकडे हलवला. आणि एक महत्त्वाचं, बरेच होस्ट ठराविक आयनोडच्या वर गेलं की रोजचा बॅकअप घेणंच थांबवतात, तेही न सांगता, अटींमध्ये कुठेतरी एक ओळ असते. आमचा शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा निघाला, तेव्हा पोटात गोळा आला.

आता मित्र. त्याचं म्हणणं, “अनलिमिटेड आहे ना, मग तीन वर्षांचे पैसे एकदम भरू, स्वस्त पडतं.” मी म्हणत होतो आधी टर्म्स वाच. नाही वाचल्या. पुढच्या ट्रेकची नोंदणी दुपारी बाराला उघडली आणि साइटवर `508 Resource Limit Is Reached`. तो म्हणे बँडविड्थ संपली असेल. अरे, बँडविड्थ महिन्याला ३० जीबीपण होत नव्हती! संपली होती ती एंट्री प्रोसेस, म्हणजे एका क्षणी किती पीएचपी रिक्वेस्ट चालू शकतात ती संख्या, आमच्या प्लॅनला २०. फॉर्मची एक रिक्वेस्ट दोन सेकंद खात असेल तर सेकंदाला दहाच माणसं आत जाणार, बाकीच्यांना ५०८. कॅश लावून साधी पानं सुटतात, फॉर्म नाही सुटत.

म्हणून व्हीपीएसचं माझं मत: cPanel मध्ये Resource Usage उघडा, एंट्री प्रोसेसचे फॉल्ट रोज दिसत असतील आणि कॅश लावूनही जात नसतील तर जा. नुसत्या आयनोडपायी जाऊ नका, आधी साफसफाई. आणि व्हीपीएसवर अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्याच गळ्यात येतं. आम्ही अजून शेअर्डवरच आहोत, नोंदणी फक्त बाहेरच्या फॉर्मवर नेली. दुकानाची साइट असेल तर हा हिशोब वेगळा, तिथे कार्ट कॅश करता येत नाही.

आणि हो, ते वेबपीचं प्लगइन मी टाकलं होतं, जागा वाचावी म्हणून. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. तीन वर्षांचे पैसे मात्र त्यानेच भरायला लावले.