'आदर्श द्रावण' : आदर्श नक्की कुणासाठी?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिच्या पुस्तकात 'आयडियल सोल्यूशन' आहे आणि मराठीत शोधलं तर 'आदर्श द्रावण' सापडलं. आदर्श म्हणजे ज्याच्यासारखं वागावं तो ना? मग द्रावण कसलं आदर्श? 'परिपूर्ण' बरं नाही का? आणि साखर घातली की पाण्याचा बाष्पदाब कमी होतो, त्यात हा आदर्श कुठनं आला?

'परिपूर्ण' नको, 'आदर्श'च ठेवा, पण त्याचा आपल्या डोक्यात बसलेला अर्थ थोडा बाजूला ठेवायला लागेल. आदर्श शिक्षक, आदर्श गाव असं ऐकून ऐकून आपल्याला वाटतं की आदर्श म्हणजे चांगला, इतरांनी कित्ता गिरवावा असा. संस्कृतात मात्र या शब्दाचा पहिला अर्थ आरसा असा आहे, आणि आपला 'आरसा' हा शब्द याच आदर्शापासून घासत घासत आलाय. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात बघा, तिथे आरशाच्या पाठोपाठ आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे नक्कल करताना समोर ठेवलेली मूळ पोथी. हाच अर्थ तुमच्या कामाचा आहे. मूळ पोथी समोर असली की नकलेत कुठे अक्षर गळलं, कुठे जास्तीचं घुसलं ते कळतं. आदर्श द्रावण हे असं समोर ठेवून ताडून बघायचं द्रावण आहे, खरं द्रावण त्याच्यापेक्षा वेगळं वागलं म्हणजे ते वाईट ठरत नाही, फक्त किती वेगळं वागलं ते मोजता येतं. 'परिपूर्ण' म्हटलं की बाकीची द्रावणं अपुरी वाटायला लागतात, आणि तसं काही नाहीये.

आता साखरेचं. बाष्पदाब म्हणजे बंद जागेत द्रवावर जमलेल्या वाफेचा दाब. मागच्या उन्हाळ्यात मुरांब्याचा पाक उरला होता तेव्हा मी एक करून बघितलं. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन छोट्या वाट्या ठेवल्या, एकीत दहा ग्रॅम साधं पाणी, दुसरीत दहा ग्रॅम घट्ट पाक, आणि डबा फडताळात ठेवून दिला. दोन आठवड्यांनी काट्यावर ठेवल्या तर पाण्याची वाटी तीनेक ग्रॅम हलकी आणि पाकाची जवळपास तेवढीच जड. कुणी हात लावला नाही, पाणी आपणहून हवेतनं पाकात गेलं. डब्यातली वाफ साध्या पाण्याला कमी वाटत होती म्हणून ते उडत राहिलं, आणि तीच वाफ पाकाला जास्त होत होती म्हणून ती त्यात उतरत राहिली. पाकाचा बाष्पदाब कमी असतो म्हणतात तो हा असा डोळ्यांना दिसतो. साखर स्वतः उडत नाही म्हणून तिला अबाष्पनशील द्राव्य म्हणायचं, वाफेत जे काय असतं ते सगळं पाणीच.

क्लासमध्ये बऱ्याचदा सांगतात की साखरेचे रेणू पृष्ठभागावर जागा अडवतात म्हणून पाणी कमी उडतं. मला हे स्पष्टीकरण पटत नाही, कारण जागा अडली तर परत येणाऱ्या वाफेचीही वाट अडेल ना, मग दोन्ही सारखंच मंदावेल आणि दाब होता तिथेच राहील. पाण्यावर तेलाचा पातळ थर सोडला तर नेमकं हेच होतं, उडायचा वेग कमी होतो पण बंद डब्यात पुरेसा वेळ दिला की दाब साध्या पाण्याइतकाच भरतो. साखरेचं तसं नाही, ती पाण्यात आतपर्यंत मिसळलेली असते आणि त्या मिसळण्यामुळेच पाण्याची बाहेर पडायची ओढ कमी होते. किती कमी, तर द्रावणातल्या एकूण रेणूंपैकी पाण्याचे जितके, तितक्या हिश्शाने. हा फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या राउल्ट या रसायनशास्त्रज्ञाचा नियम, `p = x · p°`, इथे `p` म्हणजे द्रावणाचा दाब, `p°` म्हणजे शुद्ध पाण्याचा दाब आणि `x` म्हणजे पाण्याच्या रेणूंचा हिस्सा.

आकडे घालून बघू. रेणू मोजायचं माप म्हणजे मोल, एक किलो पाण्यात ५५.५ मोल पाणी असतं, त्यात ३४२ ग्रॅम साखर म्हणजे एक मोल घातली. एकूण ५६.५ मोल, त्यात साखर एक, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब साधारण २३.८ मिलिमीटर पारा, तो ०.४२ मिलिमीटरनं उतरायला हवा. ही झाली समोर ठेवलेली मूळ पोथी. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरलीये, की पाण्याच्या रेणूला शेजारी साखर असो की पाणी, ओढ सारखीच, म्हणून फक्त डोकी मोजली की काम झालं, डोकी कुणाची ते बघायचं कारण नाही.

प्रत्यक्षात मोजलं तर उतार जवळपास ०.४६ येतो, म्हणजे नियमापेक्षा थोडासा जास्त. आणि मुरांब्यासारखा घट्ट पाक घ्या, किलोभर पाण्याला दोन किलो साखर, तर हिशोबाने दाब साडेनऊ टक्क्यांनी कमी व्हायला हवा पण खरा उतरतो चौदा टक्क्यांच्या आसपास. मला या विषयातली सगळ्यात आवडती जागा हीच, कारण इथे नक्कल मूळ पोथीशी जुळत नाही आणि ती का जुळत नाही ते शोधताना साखरेचा स्वभाव कळतो. साखरेच्या रेणूला आठ हायड्रॉक्सिल गट असतात, ते आजूबाजूचं पाणी धरून ठेवतात आणि धरलेलं पाणी मोकळं उरत नाही. ढोबळ हिशोब करून एकेका साखरेमागे साडेतीनेक पाण्याचे रेणू अडकले असं धरलं आणि तेवढं पाणी वजा करून पुन्हा डोकी मोजली की चौदा टक्के बरोबर येतात. (धरून ठेवणं हे एकच कारण नाही, साखरेचा रेणू पाण्यापेक्षा खूप मोठा आहे त्याचाही परिणाम असतो, पण मुख्य गोष्ट कळायला एवढं पुरे.) दाब नियमापेक्षा जास्त उतरला की त्याला ऋण विचलन म्हणतात, कमी उतरला तर धन विचलन. 'विचलन' शब्दही बघा, आदर्शापासून बाजूला सरकणं एवढाच अर्थ, दोष नाही.

मुलीला एक फरक नीट सांगा, परीक्षेत इथेच गोंधळ होतो. साखरपाणी आदर्श द्रावण नाही, पण पाणी भरपूर आणि साखर अगदी थोडी असेल, म्हणजे विरल द्रावण असेल, तर ते आदर्शासारखं वागतं, कारण पाण्याच्या बहुतेक रेणूंना शेजारी पाणीच भेटतं. आदर्श म्हणायचं तर कुठल्याही प्रमाणात मिसळलं तरी नियम पाळला पाहिजे, आणि मिसळताना उष्णता बाहेर पडली नाही पाहिजे की आत घेतली गेली नाही पाहिजे. बेंझीन आणि टोल्युइन याच्या बरेच जवळ जातात, दोघांचे रेणू एकमेकांसारखेच म्हणून, पण ते दोन्ही उडणारे असल्यामुळे तिथे वाफेत दोघंही असतात.

आणि साखरेच्या जागी मीठ घेतलं तर डोकी मोजताना दुप्पट धरायची, एका मोल मिठाचे पाण्यात दोन मोल आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात. किलोभर पाण्यात ५८.५ ग्रॅम मीठ घातलं तर दाब हिशोबाने साडेतीन टक्क्यांच्या जवळ उतरतो, प्रत्यक्षात थोडा कमी, ३.३ टक्के, कारण इथे आयन एकमेकांना ओढून धरतात. म्हणजे पोथी तीच, पण या पातळ मिठाच्या पाण्यात नक्कल साखरेच्या उलट बाजूला सरकलेली.