भेंडीच्या वाफ्याला बियाणं किती आणि कुठे टाकावं?

प्रश्न : साहेब, भेंडीच्या 10 ग्रॅमच्या पाकिटाचा फोटो आन सांदवाडीतल्या वाफ्याचं चित्र धाडलं. वाफा 12 बाय 4 फुटाचा हाय. पाकिटावर हेक्टरी 10 किलो लिहिलं हाय, मंग मले बियाणं किती लागन? ओळी किती घेऊ?

उत्तर : ताई, चित्रात वाफ्याला दोन रेघा आहेत आणि 12 बाय 4 हा आकडा बाहेरच्या रेघेवर लिहिलेला आहे. मधली जागा मातीच्या बांधाची, चारही बाजूंनी अर्धा अर्धा फूट. बांधावर बी पडणार नाही, म्हणून लागवडीची जागा 11 बाय 3 फूट, म्हणजे साधारण 330 बाय 90 सेंटीमीटर धरा. बाहेरच्या मापावर हिशोब केला, तर बियाणं जवळपास दीडपट निघतं.

पाकिटामागे अंतर 60 × 30 लिहिलंय. हे सेंटीमीटर आहेत, इंच नव्हेत. पहिला आकडा दोन ओळींमधला, दुसरा ओळीतल्या दोन झाडांमधला. 60 चं अंतर शेतात डवरा फिरावा म्हणून ठेवतात. तुमच्या वाफ्यात खुरपंच चालणार आणि भेंडी दोन्ही बाजूंनी तोडता येणार, त्यामुळे 45 सेंटीमीटरवर दोन ओळी घ्या. दोन्हीकडे बांधापर्यंत 22 सेंटीमीटर उरतात, मुळांना तेवढी जागा हवीच. तिसरी ओळ मात्र घुसवू नका. 30 सेंटीमीटरवर पावसाळी भेंडी उजेडासाठी नुसती उंच वाढते, फांद्या कमी फुटतात आणि खोडाजवळ हवा खेळत नाही.

ओळीतलं अंतर पाकिटावरचं 30 च ठेवा. दोन्ही टोकांना 15-15 सेंटीमीटर सोडले की एका ओळीत 11 झाडं बसतात, दोन ओळींत 22. हा आकडा आधी काढायचा, बियाणं त्यावरून ठरतं. आपण सरकी टोबतो तसं प्रत्येक जागी दोन बिया टाका, 44 झाल्या. लेबलवर उगवण किमान 65 टक्के आहे. त्या हिशोबानं दोन्ही बिया न उगवणाऱ्या जागा 22 पैकी दोन-तीन निघतील. त्यांच्यासाठी त्याच दिवशी सहा छोट्या पिशव्यांत एकेक बी लावून ठेवा. एकूण 50 बिया. भेंडीच्या एका ग्रॅममध्ये साधारण 15 बिया येतात, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम. वजनकाटा लागत नाही, बिया मोजूनच घ्या.

आता हेक्टरी 10 किलोचा ताळा करून पाहा. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर आणि 10 किलो म्हणजे 10,000 ग्रॅम, म्हणून चौरस मीटरला एक ग्रॅम. तुमची जागा तीन चौरस मीटर, तीन ग्रॅम. दोन्ही वाटांनी उत्तर जवळ आलं. ते फार लांब आलं असतं तर माप किंवा अंतर कुठेतरी चुकलं, असं समजायचं.

फोटोत एक गोष्ट राहिली. चाचणीची तारीख तुमच्या अंगठ्याखाली झाकली गेली आहे. बियाण्याची पहिली मुदत चाचणीपासून 9 महिन्यांची असते, तेवढी तारीख आणि त्याखालची मुदत नीट वाचा. पाकीट जुनं असेल किंवा उन्हात ठेवलेलं असेल, तर 65 टक्क्यांवर विसंबू नका. 20 बिया ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा, तुकडा ओला राहू द्या आणि आठवड्यानं मोड आलेल्या बिया मोजा. 13 किंवा जास्त बियांना मोड आले तर वरचा हिशोब तसाच ठेवा. आठ ते बारा बियांना मोड आले तर जागेला तीन बिया, म्हणजे 66. आठपेक्षा कमी निघाल्या तर ते पाकीट बाजूला ठेवून नवं आणा. बिया गुलाबी किंवा निळ्या दिसत असतील तर त्यांना औषध लावलेलं आहे. त्या रात्रभर भिजवू नका, औषध धुऊन जातं. हात धुवा आणि उरलेल्या बिया लेकरं-कोंबड्यांपासून लांब ठेवा.

आपली काळी माती पावसात पाणी धरते. सपाट वाफ्यात पाणी साचलं की बी उगवण्याआधीच कुजतं. म्हणून दोन्ही ओळींच्या जागी चार-पाच बोटं उंच वरंबे ओढा आणि बी वरंब्यावर दोन ते तीन सेंटीमीटर खोल टोका. नंतर जोराची सर येऊन वरची माती घट्ट बसली, तर खुरप्याच्या टोकानं ती हलकेच फोडा. अंकुर त्या थराखालीच वाकडा होऊन अडकतो आणि आपल्याला वाटतं बियाणंच खराब होतं.

आठ-दहा दिवसांनी रिकाम्या जागा दिसतील, तिथे पिशवीतलं रोप माती न फोडता लावा. जिथे दोन्ही उगवलीत तिथे दोन-तीन खरी पानं आल्यावर कमजोर रोप कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

चाचणीच्या 20 आणि लागवडीच्या 50 धरून पाकिटात ऐंशीच्या आसपास बिया उरतील. त्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि महिन्याभरानं दुसऱ्या वाफ्यात लावा, म्हणजे पहिली झाडं थकायला लागतील तेव्हा दुसरी तोडणीला आलेली असतील.