कॅरिना शोधण्याआधी मागची भिंत ओळख

श्वासनळीतल्या ट्यूबमधून ब्रॉन्कोस्कोप आत गेला की लगेच डावं-उजवं ठरवू नकोस. आधी कूर्चेच्या कड्या बघ. त्या पूर्ण गोल नसतात, मागे उघड्या असतात, आणि ती फट ट्रॅकिआलिस स्नायूची सपाट भिंत भरून काढते. तिच्यावर उभ्या रेघा दिसतात. तिच्या मागे लगेच अन्ननलिका असल्यामुळे घास जाताना या मऊ भिंतीला सरकायला वाव मिळतो. खोकल्यात ती आत फुगते, तेव्हा दोन क्षण थांब.

डोक्याकडे उभी असशील तर कड्या बारा वाजता आणि स्नायू सहा वाजता येईपर्यंत मनगट फिरव. मग कॅरिनाची, म्हणजे श्वासनळी दुभागते तिथली, उभी धार दिसते आणि रुग्णाचा उजवा ब्रॉंकस तुझ्या उजवीकडेच येतो.

समज, डाव्या छातीत हवा ऐकू येत नाहीये. स्कोपमध्ये दुभाजक दिसतोय, पण एका बाजूच्या तोंडात आणखी तीन छिद्रं आहेत. बहुधा तो उजव्या वरच्या खंडाचा फाटा आहे, कॅरिना नव्हे! उजवा ब्रॉंकस रुंद आणि जास्त सरळ, त्यामुळे ट्यूब तिकडेच घसरते. खरी धार दिसेपर्यंत ट्यूब हळूच मागे घे आणि मोठ्या माणसात टोक तिच्या ३ ते ५ सेंमी वर ठेव.